टॅमॉक्सिफेन चालू असताना येणारे हॉट फ्लश: हार्मोनशिवाय काय करता येतं?

"माझं वय ४९. दीड वर्षापूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो आणि रेडिएशन. रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर वाढणारा कॅन्सर, म्हणून टॅमॉक्सिफेन २० चालू आहे. केमोत पाळी गेली ती गेलीच. आता दिवसरात्रीत मिळून बारा-एक वेळा अंगातून वाफा निघतात, तोंड लालबुंद होतं, घामाने ब्लाउज भिजतो. मी बँकेत काउंटरला बसते. रात्री तीन-चारदा तरी उठते. हार्मोनच्या गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत, असं कॅन्सरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पॅरोक्सेटिन १२.५ दिलं, तीन आठवडे झाले, थोडं बरं वाटतंय. पण ती डिप्रेशनची गोळी निघाली. जाऊबाई म्हणतात शतावरी घे, अमेरिकेतली भाची म्हणते नवीन गोळी पाठवते. बीपीसाठी टेलमिसार्टन ४० घेते. काय करू? टॅमॉक्सिफेनच बंद केली तर?"

ताई, टॅमॉक्सिफेन बंद करू नका. आणि पॅरोक्सेटिनबद्दल पुढच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोला. ती गोळी वाईट नाही. उलट २०१३ साली अमेरिकेत हॉट फ्लशसाठी पहिली बिनहार्मोनची गोळी म्हणून मान्यता मिळाली ती पॅरोक्सेटिनलाच, साडेसात मिलिग्रॅमच्या छोट्या डोसमध्ये. तुम्हाला थोडा आराम पडला हेही खरं असणार. अडचण गोळीत नसून जोडीत आहे.

टॅमॉक्सिफेन पोटात गेली की ती आहे त्या रूपात फारसं काम करत नाही. लिव्हरमधलं सीवायपी टू-डी-सिक्स नावाचं एन्झाइम तिचं एन्डॉक्सिफेनमध्ये रूपांतर करतं, आणि कॅन्सरच्या पेशीवरची इस्ट्रोजेनची जागा अडवून धरण्याचं मुख्य काम हे एन्डॉक्सिफेन करतं. पॅरोक्सेटिन नेमकं हेच एन्झाइम जवळजवळ बंद पाडतं. म्हणजे गोळी तुम्ही रोज वेळेवर घेता, पण रक्तात तिचं कामाचं रूप कमी तयार होतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या २४३० स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टॅमॉक्सिफेनच्या काळात पॅरोक्सेटिन जितके जास्त दिवस सोबत घेतलं गेलं, तितके स्तनाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू जास्त दिसले. नंतरच्या काही अभ्यासांत असा फरक आढळला नाही, त्यामुळे यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे. माझं मत सरळ आहे. तितकाच आराम देणारी आणि या एन्झाइमला फारसा धक्का न लावणारी गोळी दुकानात मिळत असताना ही जोखीम घ्यायचं कारण नाही. तीन आठवड्यांनी घाबरून जाण्यासारखंही काही झालेलं नाही. पॅरोक्सेटिन थांबलं की शरीर ते एन्झाइम पुन्हा तयार करतं. फक्त स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. पॅरोक्सेटिन अचानक सोडलं की चक्कर, चिडचिड, मळमळ होते. त्याच्यावरून दुसऱ्या गोळीवर कसं जायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं, आणि दोन्ही गोळ्या एकमेकींवर चढवून घ्यायच्या नाहीत.

हीच अडचण फ्लुओक्सेटिनची आणि सिगारेट सोडायला दिल्या जाणाऱ्या ब्युप्रोपिऑनची. ड्युलोक्सेटिन यांच्या खालोखाल. सांधेदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरांकडून ड्युलोक्सेटिन सुरू झालेलं असतं आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना पत्ताच नसतो, असं मी बऱ्याचदा बघते. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून घेऊन जा. यादीपेक्षा पिशवी बरी. यादीत "आम्लपित्ताची गोळी" एवढंच लिहिलेलं असतं.

हार्मोन का नको, याचं उत्तर तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं असेलच, तरी एक भर घालते. स्तनाच्या कॅन्सरनंतर हार्मोन देऊन पाहणारा स्वीडनमधला एक मोठा प्रयोग कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढल्यामुळे मुदतीआधीच थांबवावा लागला होता. तुमच्यासारख्या बाईला कुणीतरी टिबोलोन सुचवतं, "हे साधं हार्मोन नव्हे" असं म्हणून. तेही नको. टिबोलोनवर अशाच रुग्णांमध्ये वेगळा प्रयोग झाला आणि त्यातही कॅन्सर परतण्याचं प्रमाण जास्त निघालं.

आता या वाफा येतात कुठून ते थोडक्यात, कारण पुढची औषधनिवड त्यावरच उभी आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र आहे. एरवी अंगातली उष्णता थोडी वरखाली झाली तरी ते केंद्र दुर्लक्ष करतं. त्याच्या शेजारी काही चेतापेशी असतात, त्यांच्यावर इस्ट्रोजेनचा वचक असतो. इस्ट्रोजेन गेलं, किंवा टॅमॉक्सिफेनने त्याची वाट अडवली, की या पेशी फुगतात आणि न्यूरोकायनिन-बी नावाचं रसायन जास्त सोडू लागतात. मग तापमानाच्या केंद्राची सहनशक्ती इतकी आखडते की अर्धा कप चहा, बंद खोली किंवा एखादा चिडका ग्राहक यांनीही त्याला अंग तापल्यासारखं वाटतं. ते उष्णता बाहेर टाकायचा हुकूम देतं, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, घाम फुटतो, आणि दोन-चार मिनिटांनी थंडी वाजते. म्हणजे सुरुवात मेंदूत आहे, रक्तात साचलेल्या कुठल्या उष्णतेत नाही. म्हणून जी औषधं चालतात ती मेंदूतल्या रसायनांवर काम करणारीच असतात, मग ती मुळात डिप्रेशनची असोत, फिटची असोत की आणखी कशाची.

"ती तर डिप्रेशनची गोळी निघाली" हे वाक्य माझ्या ओपीडीत जवळपास प्रत्येक बाई म्हणते, आणि पुष्कळदा सोबतचे यजमानही. यावर मी एवढंच दाखवून देते की डिप्रेशनसाठी ही औषधं परिणाम दाखवायला बरेच आठवडे घेतात, डोसही सहसा मोठा लागतो. हॉट फ्लशमध्ये फरक आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतो, आणि तोही मन अगदी ठणठणीत असलेल्या बाईत. तुमच्या मनाबद्दल कुणी काही निदान केलेलं नाही.

तुमच्या बाबतीत माझी पहिली पसंती व्हेनलाफॅक्सिनला आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या स्त्रियांना हे औषध तीन वेगवेगळ्या डोसमध्ये देऊन पाहिलं गेलं. त्यातल्या बऱ्याचजणी टॅमॉक्सिफेनवरच होत्या. चार आठवड्यांनी हॉट फ्लशचा त्रास ३७.५ मिलिग्रॅमने ३७ टक्के, ७५ ने ६१ टक्के आणि १५० नेही ६१ टक्केच कमी झाला. नुसत्या साखरेच्या गोळीने २७ टक्के कमी झाला. या आकड्यांतून मला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. ७५ च्या वर जाऊन हॉट फ्लशसाठी काही हाती लागत नाही, दुष्परिणाम तेवढे वाढतात. आणि साखरेची गोळीही पाव हिस्सा त्रास कमी करून दाखवते, हे लक्षात ठेवा. शतावरीकडे आणि मैत्रिणींच्या अनुभवांकडे वळू तेव्हा ते लागेल.

देण्याची पद्धत अशी. दिवसभर हळूहळू काम करणारी, म्हणजे पाकिटावर ईआर किंवा एक्सआर लिहिलेली कॅप्सूल घ्यायची. पहिला आठवडा ३७.५, सकाळी नाश्ता झाल्यावर. झेपली तर दुसऱ्या आठवड्यापासून ७५. कॅप्सूल चावायची नाही, फोडून पाण्यात विरघळवायची नाही. पहिले चार-पाच दिवस मळमळ होते, तोंड कोरडं पडतं, भूक मंदावते. बऱ्याच बायका तिसऱ्या दिवशी "मला सोसत नाही" म्हणून सोडून देतात आणि तिथेच सगळं फसतं. मळमळ सहसा दुसऱ्या आठवड्यात ओसरते. काहींना रात्री झोप उडते, म्हणून ती सकाळीच घ्यायची. बद्धकोष्ठ, घाम आणि शरीरसंबंधातली इच्छा कमी होणं हेही होऊ शकतं. शेवटची गोष्ट बायका आपणहून सांगत नाहीत, म्हणून मीच विचारते.

तुमच्यासाठी यातली महत्त्वाची बाब बीपी. व्हेनलाफॅक्सिनने काहीजणींचं बीपी चढतं. सुरू करण्याआधी तीन-चार दिवस घरी मोजून लिहून ठेवा, मग दोन आणि चार आठवड्यांनी पुन्हा. ते सतत १४०/९० च्या वर जाऊ लागलं तर गोळी बदलायची की टेलमिसार्टनचा डोस वाढवायचा हे डॉक्टर ठरवतील. माझा कल गोळी बदलण्याकडे असतो, कारण एका गोळीच्या दुष्परिणामासाठी दुसरी वाढवत नेली की ते कुठे थांबत नाही. डेसव्हेनलाफॅक्सिन हे याचंच भावंड, तेही टॅमॉक्सिफेनसोबत चालतं, पण बीपीची काळजी तिथेही तीच. बीपी आडवं येत असेल तर एसिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम हा चांगला मार्ग. त्याने टॅमॉक्सिफेनच्या एन्झाइमला फारसा धक्का बसत नाही. फक्त ईसीजीमधला क्यूटी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यातला एक ठरावीक काळ, लांबलेला असेल तर ते देताना जपून.

काही जणींना मात्र हा गटच द्यायचा नाही. पूर्वी कधी मनाची उसळी आणि घसरण असा बायपोलरचा आजार झालेला असेल, किंवा काचबिंदूचा चिंचोळ्या कोनाचा प्रकार असेल तर नको. रेझिस्टंट टीबीसाठी लिनेझोलिड चालू असेल तर तर अजिबात नको. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल कुणी लिहून दिलं तर आधी सांगा. आणि गोळी थांबवायची वेळ येईल तेव्हा ७५ वरून ३७.५ वर दोन आठवडे, मगच बंद. गावाला जाताना डबी घरी राहिली आणि दुसऱ्या दिवशी डोक्यात करंट बसल्यासारखं झालं, अशी तक्रार घेऊन बायका येतात. ते नवं दुखणं नसतं, गोळी चुकल्याचा परिणाम असतो.

फायदा झाला की नाही हे कसं ओळखायचं? "थोडं बरं वाटतंय" यावर मी औषध चालूही ठेवत नाही आणि बदलतही नाही. औषध बदलण्याआधी एक आठवडा वहीत नोंद ठेवा. प्रत्येक वाफेला गुण द्यायचे. नुसती ऊब जाणवली, काम थांबलं नाही तर १. घाम आला, पदर किंवा फाइलने वारा घ्यावा लागला तर २. काम सोडून उठावं लागलं, कपडे भिजले तर ३. त्याहून भयंकर, रात्री चादर बदलावी लागली तर ४. दिवसाची बेरीज काढायची आणि आठवड्याची सरासरी.

समजा आज तुमचा दिवस असा आहे: हलक्या ४, मध्यम ५, तीव्र ३. वाफा झाल्या १२ आणि गुण ४ अधिक १० अधिक ९ म्हणजे २३. चार आठवड्यांनी हलक्या ६, मध्यम २, तीव्र एकही नाही. वाफा ८ आणि गुण १०. नुसत्या संख्येकडे बघितलं तर तिसरा हिस्साच कमी झाला, तुम्ही म्हणाल "अजून आठ येतातच की". पण गुण निम्म्याहून खाली आलेत आणि काउंटर सोडून उठायची वेळ एकदाही आलेली नाही. हे औषध लागू पडलंय. याच्या उलट, ७५ वर चार आठवडे पूर्ण होऊनही गुण २३ वरून १८-१९ वरच असतील, तर तेवढा फरक साखरेच्या गोळीनेही पडला असता. मग ते रेटत बसण्यात अर्थ नाही.

अशा वेळी पुढचा पर्याय गॅबापेंटिन. मूळ औषध फिटचं आणि नसांच्या दुखण्याचं. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये दिवसाला ९०० मिलिग्रॅमने आठ आठवड्यांनी त्रास ४६ टक्के कमी झाला, साखरेच्या गोळीने १५ टक्के. टॅमॉक्सिफेनशी त्याचं काहीच भांडण नाही, कारण ते लिव्हरमधून जातच नाही, जसंच्या तसं किडनीवाटे बाहेर पडतं. म्हणून क्रिएटिनिन ही किडनीची तपासणी बघूनच द्यायचं. त्याने गुंगी येते, आणि हाच त्याचा दोष आणि हाच त्याचा उपयोग. जिचा त्रास मुख्यतः रात्रीचा आहे तिला मी व्हेनलाफॅक्सिनच्याही आधी हे देते, झोपताना ३०० मिलिग्रॅम, आणि पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. तीन-चार दिवसांनी लागलं तर ६००, तेही रात्रीच. दिवसा तीन वेळा ३०० घेऊन काउंटरवर नोटा मोजायच्या म्हणजे अवघड काम आहे. पहाटे बाथरूमला जाताना आधी काठावर बसायचं, मग उठायचं. सुरुवातीच्या दिवसांत पडणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

तुमचा त्रास दिवसाही आहे आणि रात्रीही, म्हणून दोन्ही गोळ्या मिळून घ्याव्यात असं वाटणं साहजिक आहे. पण आधीची डिप्रेशन गटातली गोळी पुरी पडत नसताना गॅबापेंटिन सुरू करून पाहिलेल्या अभ्यासात आधीची गोळी चालू ठेवली काय आणि बंद केली काय, फायदा जवळजवळ सारखाच निघाला. म्हणून मी आधी एक पूर्ण आजमावते, मग दुसरी. दोन्ही औषधं आलटून पालटून घेऊन पाहिलेल्या स्त्रियांच्या एका प्रयोगात त्रास दोन्हींनी सारखाच कमी झाला, पण पुढे कोणती हवी असं विचारल्यावर तीनपैकी दोघींनी व्हेनलाफॅक्सिन निवडली. माझ्या ओपीडीतलं चित्रही साधारण असंच आहे.

ऑक्सिब्युटिनिनचा उल्लेख करते, कारण लघवीची घाई आणि हॉट फ्लश दोन्ही असलेल्या बाईला ते दुहेरी कामी येतं. ते लघवीच्या पिशवीचं औषध, अडीच मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि घाम कमी करतं हा त्याचा मूळचा दुष्परिणामच इथे वापरायचा. पण तोंड फार कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि वय वाढलेल्या बाईत दीर्घकाळ घेतल्यास स्मरणशक्तीची काळजी वाटते. साठीच्या पुढे मी ते टाळते. क्लोनिडिन हे बीपीचं जुनं औषध पूर्वी दिलं जायचं, आता कुणी लिहून दिलं तर का, ते विचारा. फायदा थोडा, बीपी उतरून चक्कर येण्याचा धोका जास्त. २०२३ साली उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने बिनहार्मोनच्या उपायांचा आढावा घेतला, त्यातही ते शिफारशीतून गळलं.

आता भाचीची गोळी. वर ज्या न्यूरोकायनिन-बीबद्दल लिहिलं, त्याचा दरवाजाच अडवणारी दोन नवीन औषधं आली आहेत. पहिलं फेझोलिनेटंट, अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं. हॉट फ्लशवर ते चांगलं काम करतं, पण स्तनाच्या कॅन्सरवर उपचार चालू असलेल्या बायका त्याच्या मुख्य प्रयोगांत घेतलेल्याच नव्हत्या. शिवाय काहींच्या लिव्हरला गंभीर इजा झाल्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वात कडक दर्जाचा इशारा छापायला लावला. आता ते सुरू करण्याआधी, मग तीन महिने दरमहा, आणि पुढे सहाव्या व नवव्या महिन्यात लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात. दुसरं एलिन्झानेटंट. त्याला २०२५ साली आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं हेच आहे. टॅमॉक्सिफेन किंवा तत्सम गोळ्या घेणाऱ्या ४७४ स्त्रियांवर त्याचा स्वतंत्र प्रयोग झाला. सुरुवातीला त्यांना दिवसाला सरासरी अकराच्या वर मध्यम-तीव्र वाफा येत होत्या. चार आठवड्यांत त्यातल्या साडेसहा कमी झाल्या, साखरेच्या गोळीवर तीन. झोपताना घ्यायचं औषध आहे आणि त्याने झोप येते, थकवा येतो.

मग घ्यायचं का? डॉक्टरांनी लिहून दिलं, लिव्हरच्या तपासण्या झाल्या, बाकीच्या गोळ्यांशी पडताळून पाहिलं, तर जरूर. नुसतं भाचीच्या पार्सलमधून आलेलं, तर नको. नाव जवळपास सारखं असल्यामुळे तिने यातलं नेमकं कोणतं पाठवलंय हेही तुम्हाला पाकीट हातात आल्यावरच कळेल. फेझोलिनेटंटसोबत सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं लघवीच्या जंतुसंसर्गाला सर्रास दिलं जाणारं अँटिबायोटिकही चालत नाही, कारण त्याने रक्तातलं औषध साचतं. हे सांगायला कुणी जवळ नसेल तर गोळी हाताशी असून उपयोग नाही.

जाऊबाईंच्या शतावरीबद्दल. त्या मायेने सांगतात, पण ईआर पॉझिटिव्ह कॅन्सर झालेल्या बाईला इस्ट्रोजेनसारखा गुण असल्याची ख्याती असलेलं चूर्ण महिनोन् महिने घ्यायला मी सांगणार नाही. त्याने वाफा कमी होतात याला भक्कम पुरावा नाही, आणि त्याचा गुण खरंच इस्ट्रोजेनसारखा असेल तर आपण टॅमॉक्सिफेनने जे अडवतोय तेच मागच्या दाराने आत घेतोय. सोयाच्या अर्काच्या गोळ्या, रेड क्लोव्हर यांचंही तेच. जेवणात कधी सोयाबीनची भाजी किंवा टोफू खाल्लं तर काही बिघडत नाही, मी अर्कांबद्दल बोलतेय. ब्लॅक कोहोश नावाच्या मुळीने काहींच्या लिव्हरला इजा झालेली आहे. आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते: कॅन्सरनंतर पुष्कळ बायका हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतात, सोबत मिरीचा अर्क असलेल्या. नेदरलँड्समध्ये टॅमॉक्सिफेनवरच्या रुग्णांमध्ये पाहिलं तेव्हा या जोडीने रक्तातलं एन्डॉक्सिफेन कमी झालं. आमटीतली हळद खुशाल खा, कॅप्सूल बंद करा.

गोळ्यांशिवायच्या उपायांत खरा पुरावा आहे तो सीबीटीला, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याच्या पद्धतशीर समुपदेशनाला, आणि वैद्यकीय संमोहनाला. सीबीटीचा प्रयोग लंडनमध्ये स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या स्त्रियांवरच झाला होता, आठवड्याला दीड तास असे सहा वर्ग. वाफांची संख्या त्याने फारशी घटत नाही, त्यांचा जाच घटतो. यावर "म्हणजे मनाची समजूतच की" असं बायका म्हणतात. पण काउंटरचं उदाहरण घ्या. वाफ सुरू झाली की तुमच्या मनात येतं, "रांगेतले सगळे माझ्याकडेच बघताहेत". छाती धडधडते, अंग आणखी तापतं, आणि एका मिनिटाची वाफ चार मिनिटांची वाटते. सीबीटीत हे वाक्य पकडायला शिकवतात आणि त्याच्या जागी खरं असलेलं वाक्य ठेवायला: समोरचा माणूस त्याच्या पासबुकाकडे बघतोय. त्याच वेळी खांदे सोडायचे आणि पोटातून सावकाश श्वास घ्यायचा, मिनिटाला सहा ते आठ. नुसत्या संथ श्वासाचे स्वतंत्र प्रयोग झाले, त्यांत वाफा कमी झाल्या नाहीत. या पद्धतीचा भाग म्हणून मात्र तो उपयोगी पडतो. रात्रीसाठी नियम वेगळे: जाग आली की घड्याळ बघायचं नाही, "आता उद्याचा दिवस गेला" हा हिशेब मांडायचा नाही, वरचं पांघरूण बाजूला सारून तसंच पडून राहायचं. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, तिथे हे मागून घ्या. न मागता क्वचितच कुणी सुचवतं.

बाकी वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने वाफा कमी झाल्याचा थोडा पुरावा आहे. योगासनं, अॅक्युपंक्चर, पथ्यं यांनी वाफा कमी होतात असं प्रयोगांतून दिसत नाही. योगासनं दुसऱ्या कारणांसाठी करा, माझी ना नाही. तिखट, चहा यांच्याबाबत सरसकट बंदी मी घालत नाही. वहीत चहानंतर दर वेळी वाफ दिसली तर चहा कोमट घ्या, नाही दिसली तर वाफाळता प्या. काउंटरजवळ छोटा पंखा आणि पटकन काढता येईल असं सुती जाकीट याला प्रयोगाची गरज नाही.

टॅमॉक्सिफेनबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून अजून एक. या गोळीने येणाऱ्या वाफा बहुतेकींना सुरुवातीच्या महिन्यांत जास्त छळतात आणि पुढे मंदावतात. तेवढा काळ काढायला वरची औषधं असतात. म्हणून सहा-आठ महिने बरे गेले की व्हेनलाफॅक्सिन हळूहळू उतरवून बघायचं, वही पुन्हा उघडायची. गुण चढले तर परत सुरू करता येतं.

आणि सगळा घाम हॉट फ्लशचाच असतो असं धरून चालू नका. तुमचं टीएसएच वर्षभरात झालं नसेल तर करून घ्या, थायरॉइड वाढला तरी असंच होतं. बीपीसाठी कधी टेलमिसार्टनसोबत अॅम्लोडिपिनची जोडगोळी सुरू झाली तर त्यानेही तोंड लाल होतं, पण ते वेगळं ओळखू येतं: गोळीनंतर ठरावीक वेळाने येतं आणि घाम फारसा नसतो. रात्री घामासोबत बारीक ताप, उतरणारं वजन किंवा दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी आधी, कारण आपल्याकडे टीबी अजून घरोघरी आहे. आणि टॅमॉक्सिफेनवर असताना अंगावरून रक्त गेलं, अगदी डागभर जरी, तरी "पाळी परत आली असेल" असं समजून घरी थांबू नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन गर्भाशयाचं अस्तर तपासून घ्या.